सकाळची कानशिलांची डोकेदुखी: नाइट गार्ड घ्यायच्या आधी दिवसा दात कुठे असतात ते बघा

प्रश्न: वय ३८. वर्षभर झालं, आठवड्यातून तीन-चार दिवस सकाळी उठल्या उठल्या दोन्ही कानशिलं ठणकतात, जबडा जड वाटतो, दहा-अकरापर्यंत आपोआप कमी होतं. नवरा म्हणतो झोपेत दात खातेस. चष्म्याचा नंबर, सायनस, सीटी सगळं नॉर्मल. जांभई देताना डाव्या कानाजवळ कट्ट आवाज येतो. डेंटिस्ट म्हणतात रात्री झोपताना दातांवर घालायचा नाइट गार्ड करून घ्या. दातांमुळे खरंच एवढं डोकं दुखू शकतं का, आणि गार्डवर पैसे घालू का?

उत्तर:

दुखू शकतं, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून शक्यता चांगलीच आहे, पण नवऱ्याने सांगितलं म्हणून किंवा दात झिजलेत म्हणून ते सिद्ध होत नाही. मी डेंटिस्टच आहे, गेली बरीच वर्षं जास्त करून जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या दुखण्याचेच पेशंट बघतो, आणि आमच्याच लाइनमध्ये "झोपेत दात एकमेकांवर घासतात ना, मग त्यामुळेच डोकं दुखतंय, करा गार्ड" हे फार पटकन बोललं जातं. त्यामुळे आधी डोकेदुखी जबड्याची आहे का ते ठरवू, गार्डचं नंतर बघू.

हे तुम्ही घरीसुद्धा बरंच तपासू शकता. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर ठेवा आणि दाढा एकमेकींवर दाबा, बोटांखाली काहीतरी फुगलेलं लागेल. तो टेम्पोरॅलिस नावाचा स्नायू, कवटीच्या बाजूला पसरलेला असतो, भुवईच्या टोकापासून पार कानाच्या मागेपर्यंत, आणि खाली निमुळता होत गालाच्या हाडाच्या आतून जाऊन खालच्या जबड्याला चिकटतो. त्याचं काम जबडा बंद करणं. म्हणजे आपण ज्याला कानशील म्हणतो तिथे कवटीवर जबड्याचाच स्नायू पसरलेला आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. आता दात सोडा, आणि त्या स्नायूवर पुढे, मध्ये, मागे असं एकेका जागी बोटाने दाबा. किती जोर लावायचा हे कळावं म्हणून किचनमधला वजनकाटा घ्या, त्यावर बोट दाबून साधारण एक किलो दिसेपर्यंत जोर लावून बघा, दोन-तीनदा केलं की हाताला अंदाज येतो, मग तेवढाच जोर कानशिलावर चार-पाच सेकंद. तसंच गालावर, दाढा दाबल्यावर जो घट्ट गोळा फुगतो त्याच्यावर, तो मॅसेटर. मग तोंड होईल तेवढं मोठं उघडा, जबडा डावीकडे-उजवीकडे-पुढे सरकवा.

आता प्रश्न "दुखलं का" हा नाहीये, एक किलोच्या जोराने दाबलं तर कुठेतरी दुखणारच. प्रश्न असा की सकाळचं तुमचं जे ओळखीचं दुखणं आहे तेच तिथे उमटलं का. पेशंट एकदम म्हणतात "हां, हेच!" आणि दुसरी गोष्ट, गेल्या महिनाभरात चावताना, जास्त बोलताना, जांभई देताना किंवा दात आवळले की ती डोकेदुखी वाढते किंवा बदलते का. या दोन्हींचं उत्तर हो असेल तर जबड्याशी संबंधित डोकेदुखी म्हणायला आधार मिळतो, जगभर आम्ही साधारण हेच निकष वापरतो, २०१४ साली ते छापून आले. ओळखीचं दुखणं उमटलंच नाही, कितीही दाबलं तरी नुसतं "जरा दुखतंय" एवढंच, तर नवरा रात्री कितीही आवाज ऐकू देत, तुमची डोकेदुखी बहुतेक दुसऱ्या कशाची तरी आहे.

झिजलेल्या दातांवरून आम्ही डॉक्टरच चुकतो ते असं की झीज म्हणजे इतिहास आहे, ती दहा वर्षांपूर्वीची असू शकते, ॲसिडिटीने असू शकते, पेशंट हल्ली दात एकमेकांवर घासतच नसेल. आणि उलट ज्यांची कानशिलं सगळ्यात जास्त ठणकतात त्यांचे दात पुष्कळदा अगदी छान असतात, कारण ते घासत नाहीत, नुसते आवळतात, बिना आवाजाचं. जिभेच्या कडेला दातांचे वळ, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, हे आवळणाऱ्यांत जास्त दिसतं. आरशात बघा, असेल तर नोंद घ्या, पण तेवढ्यावर निदान करू नका.

आता जे मला मुख्य सांगायचंय ते. लोकांना वाटतं रात्री दात करकर वाजतात म्हणून सकाळी डोकं दुखतं. सरळ वाटतं पण तसं नाहीये. झोपेत दात घासणं हे मेंदूच्या छोट्या छोट्या अर्धवट जागं होण्याबरोबर येतं, काही सेकंदांचे झटके असतात, आणि स्लीप लॅबमध्ये रात्रभर स्नायूंना तारा लावून तपासलं तेव्हा जबडा दुखणारे पेशंट न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त दात घासतात असं काही दिसलं नाही. जो फरक दिसला तो वेगळाच, दोन झटक्यांच्या मधल्या वेळात, जेव्हा स्नायू सैल पडायला हवा, तेव्हाही दुखणाऱ्यांचा स्नायू हलकासा ताणलेलाच राहत होता. म्हणजे जोरात घासण्यापेक्षा ते थोडं थोडं, पण न सुटणारं आवळणंच जास्त नडतं. माझ्याकडे येणाऱ्यांतही हेच दिसतं, ज्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो असे कित्येक लोक सकाळी मस्त ताजेतवाने उठतात, त्यांचे फक्त दात आणि फिलिंग्ज तुटतात.

आणि हे न सुटणारं आवळणं दिवसा जास्त होतं. बघा, आपले वरचे-खालचे दात दिवसभरात एकमेकांना किती वेळ लागायला हवेत? खाताना-गिळताना मिळून सगळा हिशोब साधारण वीस मिनिटांच्या आसपास जातो. बाकी पूर्ण वेळ ओठ मिटलेले पण दात दोन-चार मिलिमीटर लांब, हीच नॉर्मल स्थिती. मी हे सांगितलं की अर्धे पेशंट चकित होतात, त्यांना आयुष्यभर वाटत आलेलं असतं की तोंड बंद म्हणजे दात बंद. नुसते टेकलेले, अजिबात जोर न लावता, तरी टेम्पोरॅलिस काम करतच असतो, आणि सहा-सात तास लॅपटॉपसमोर असं बसलं की संध्याकाळपर्यंत तो थकतो, मग रात्री त्याच थकलेल्या स्नायूवर झोपेतले झटके येतात आणि सकाळी कानशील ठणकतं. त्यामुळे दुखतं सकाळी म्हणून कारण रात्रीचंच असेल असं धरून चालू नका.

एक केस सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. बँकेत काम करणारी बाई, वय ३६, आठवड्यातून चार-पाच सकाळी दोन्ही कानशिलं, मायग्रेन म्हणून औषधं चालू, शिवाय मेडिकलवरून आणलेली पॅरासिटामॉल-कॅफीनवाली मिक्स गोळी महिन्यातून बारा-पंधरा दिवस. डोळे, सायनस, सीटी सगळं तुमच्यासारखंच नॉर्मल. तोंड उघडून मोजलं तर ४४ मिलिमीटर, म्हणजे चांगलं, पण दुखल्याशिवाय फक्त ३३ पर्यंतच. डाव्या सांध्यात कट्ट. कानशिलावर पुढच्या भागात दाबलं आणि ती लगेच हात धरून म्हणाली, "डॉक्टर, हेच, हेच सकाळचं." पण तिने स्वतःहून अजून एक सांगितलं, महिन्यातून एकदा पाळीच्या आधी एका बाजूचं दुखतं, उलटी होते, लाइट सहन होत नाही, आणि ते असं दाबल्यावर उमटत नव्हतं. म्हणजे डोकेदुख्या दोन होत्या, एक जबड्याची आणि एक खरंच मायग्रेन, आणि दोन्ही एकाच नावाखाली गेलेल्या. असं खूप वेळा असतं, मायग्रेन असणाऱ्यांचे जबड्याचे स्नायू आधीच हळवे असतात, आणि जबड्याचं दुखणं मायग्रेनला चिथावतं, त्यामुळे "हे का ते" असं भांडण लावण्यात अर्थ नसतो.

मी तिला लगेच गार्ड दिला नाही. मोबाइलवर दिवसातून दहा अलार्म लावायला सांगितले, ठरलेल्या वेळी नाही, वाकडेतिकडे, १०:१७, ११:०५ असे, आणि अलार्म वाजला त्या क्षणी दात कुठे आहेत एवढंच लिहायचं: लांब, टेकलेले, की आवळलेले. पहिल्या आठवड्यात दहापैकी सहा-सात वेळा टेकलेले किंवा आवळलेले निघाले. आणि कधी? एक्सेल शीटवर, काउंटरवर चिडलेल्या कस्टमरशी गोड बोलताना, स्कूटीवर हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घट्ट असताना, आणि गंमत म्हणजे घरी कणीक मळताना. टेन्शनमध्येच आवळतो असा समज असतो पण तसं नाही, नुसतं लक्ष लावून काम करताना, ओझं उचलताना, काही निवडताना-टिपताना सुद्धा होतं.

मग तिला जबडा सोडायची जागा शिकवली. हळूच "न" म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या, वरच्या पुढच्या दातांच्या जरा मागे, टाळ्याला. ओठ मिटा. आता दात आपोआप लांब राहतात, जबडा लोंबू द्या. तोंड मुद्दाम उघडून धरायचं नाही, तेही एक काम होतं स्नायूला. अलार्म वाजला की ही जागा, एक लांब श्वास सोडायचा, खांदे खाली, झालं, पाच सेकंदांचं काम. लॅपटॉपच्या कडेला, स्कूटीच्या आरशावर, फ्रिजवर एकेक लाल टिकली चिकटवली, टिकली दिसली की दात तपासायचे. तीन-चार आठवड्यांनी टिकली डोळ्यांना दिसेनाशी होते, सवय झालेली असते, तेव्हा जागा आणि रंग बदलायचा.

बरोबरीने दोन आठवडे चावायला त्रास देणारं बंद: ऊस, चिक्की, मक्याचं कणीस, सुपारी, च्युइंगम, कडक झालेली भाकरी. वरण-भात, खिचडी, उपमा, मऊ पोळी भाजीत बुडवून चालते. पूर्ण पातळ खायची गरज नाही, जबड्याला हलकी हालचाल हवीच असते, एकदम बंद ठेवला तर आखडतो. रात्री झोपायच्या आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन्ही कानशिलं आणि गालांवर पंधरा-वीस मिनिटं, मग बोटांनी गोल गोल मसाज, आणि जीभ टाळ्याला ठेवूनच तोंड उघडायचं-मिटायचं सहा वेळा, म्हणजे ते अर्धंच उघडतं आणि सांध्यावर ताण येत नाही. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ.

मिक्स गोळी बंद करायला लावली आणि इथे पहिला आठवडा वाईट गेला, डोकेदुखी वाढली, तिचा फोन आला की तुमच्या ट्रीटमेंटने उलटं झालं. ते गोळी सोडल्याचं दुखणं होतं, साधारण दोन ते दहा दिवस टिकतं, आणि हे आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंट परत गोळीकडे जातो. गोळ्यांचं गणित सगळ्यांनी लक्षात ठेवा: मिक्स पेनकिलर महिन्यातून दहा किंवा जास्त दिवस, साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन पंधरा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी करायला लागते, आणि ती पुष्कळदा सकाळीच जाणवते कारण रात्री डोस उतरलेला असतो. (तिची मायग्रेनची औषधं मी हलवली नाहीत, ते न्यूरोवाल्यांचं काम, त्यांना चिठ्ठी दिली.)

तिसऱ्या आठवड्यात अलार्मला दात टेकलेले मिळायचं प्रमाण दहात तीनवर आलं, सकाळचं दुखणं चार-पाचवरून दोन-तीन दिवसांवर. तेव्हा गार्ड केला. सहा आठवड्यांनी आठवड्यातून एखादी सकाळ, न दुखता तोंड ४१ पर्यंत. कट्ट आवाज तसाच राहिला आणि त्याला मी हातही लावला नाही. मार्चमध्ये इयर एंडिंगला पंधरा दिवस सगळं परत आलं, टिकल्या परत लावल्या, उतरलं. पाळीआधीचं मायग्रेन आहे तसंच चालू आहे, त्याचं औषध वेगळं चालतं.

आता तुमच्या गार्डबद्दल. गार्ड दात वाचवतो, ते काम तो चांगलं करतो, दात तुटत-झिजत असतील तर तेवढ्यासाठी घ्याच. डोकेदुखीवर त्याचा फायदा काहींना छान होतो, काहींना थोडा, काहींना काहीच नाही, आणि दात घासणं तो थांबवत नाही, बऱ्याच जणांत पहिले काही आठवडे कमी होतं आणि मग झोपेतला जबडा त्याला सरावतो. त्यामुळे फक्त गार्ड घेतला आणि दिवसभर दात आवळून बसलात तर सहा महिन्यांनी तो ड्रॉवरमध्ये पडलेला असेल, अशा ड्रॉवरमधल्या गार्डांचे मालक मला रोज भेटतात.

घ्यायचाच तर कडक ॲक्रिलिकचा, वरच्या किंवा खालच्या एका जबड्याच्या सगळ्या दातांवर बसणारा, दाढांमध्ये साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीचा. तुमच्या दातांचं माप घेऊन लॅबमध्ये बनतो. बसवताना डॉक्टर निळा-लाल कागद चावायला देतात आणि ठिपके बघून गार्ड घासतात, दोन्ही बाजूंच्या दाढांवर सारखे ठिपके यायला हवेत, आणि हे एकदा नाही, एक-दोन आठवड्यांनी परत बोलवून तपासायला हवं, कारण स्नायू सैल झाला की जबड्याची बसण्याची जागाच थोडी बदलते आणि आधी सारखा असलेला गार्ड एका बाजूला उंच लागतो. आठ-दहा रात्रींनी सकाळी दुखणं आधीपेक्षा जास्त, किंवा एकाच बाजूला जास्त, असं झालं तर गार्ड उंच आहे, जा आणि दाखवा, "सवय होईल" म्हणून सहन करू नका.

ऑनलाइन मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा रबरी गार्ड डोकेदुखीसाठी घेऊ नका, मऊ वस्तू दातांत आली की काही जण ती झोपेत चघळतातच. आणि फक्त पुढच्या चार-सहा दातांवर बसणारी छोटी क्लिप कोणी दिली तर विचारून घ्या किती दिवस, कारण ती रोज रात्री महिनोन्महिने वापरली तर मागच्या दाढा हिरडीतून जास्त बाहेर येऊन चावाच बदलू शकतो, पुढचे दात मिटेनासे होतात, आणि हे सगळं परत जागेवर आणणं फार कटकटीचं. त्याहून महत्त्वाचं, डोकेदुखी जावी म्हणून कोणी तुमचे खरे दात घासून "चावा ॲडजस्ट" करायचं म्हणालं, किंवा सगळ्या दाढांना कॅप, किंवा ब्रेसेस, तर नको म्हणा. घासलेला दात परत येत नाही, आणि चाव्यामुळे हे दुखणं होतं या जुन्या समजाला आज फारसा आधार उरलेला नाही.

कट्ट आवाजाचं थोडक्यात. सांध्यात कूर्चेची एक चकती असते, ती जराशी पुढे सरकलेली असली की तोंड उघडताना परत जागेवर बसते आणि कट्ट वाजतं. दुखत नसेल, अडकत नसेल, तर नुसत्या आवाजाला ट्रीटमेंट नाही, एमआरआय पण नाही, लाखो लोक असा आवाज घेऊन म्हातारे होतात. मजेत वाजवून दाखवू नका एवढंच. काळजी केव्हा, तर आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड उघडेनासं झालं. आपलीच तीन बोटं उभी एकावर एक दातांमध्ये जायला हवीत, ते साधारण चाळीस मिलिमीटर. दोनच बोटं जातात आणि जबडा उघडताना एका बाजूला ओढला जातो, असं झालं तर चकती पुढेच अडकलीय, आठवडे वाट न बघता दाखवा, लवकर आलेल्यांना डॉक्टरांनी नुसत्या हाताने जबडा हलवून आणि व्यायामाने बराच फरक पडतो.

आपल्याकडे मात्र तोंड कमी उघडण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, सुपारी-गुटखा-मावा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांना बघून तसं वाटत नाही. त्यात गालाच्या आतली कातडी पांढुरकी, ताठ होते, तिखट झोंबतं, तोंड महिन्या-महिन्याला कमी उघडतं, आणि तो जबड्याच्या सांध्याचा आजार नाही, पुढे कॅन्सरकडे जाऊ शकणारा आजार आहे. अशा माणसाला "जबडा आखडलाय, शेक घ्या" म्हणून परत पाठवलेलं मी पाहिलंय.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट मी गार्डच्याही आधी तपासेन, झोप. नवऱ्याला दात वाजण्याबरोबर हेही विचारा की तुम्ही जोरात घोरता का, श्वास मध्येच थांबून दचकल्यासारखा परत सुरू होतो का. झोपेत असा श्वास थांबण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची डोकेदुखीसुद्धा सकाळी उठतानाच असते, बहुतेकदा दोन्ही बाजूंना, दाबल्यासारखी, आणि उठल्यावर चार तासांच्या आत जाते, म्हणजे तुमचं "दहा-अकरापर्यंत कमी होतं" तिथेही बसतं. दुपारी पेंग येणं, रात्री लघवीला उठणं, बीपी वाढलेलं, गळ्याचा घेर जास्त, यातलं काही असेल तर आधी स्लीप स्टडी, हल्ली घरी मशीन देऊन पण होते. ॲप्निया असताना नुसता वरच्या दातांचा गार्ड घातला तर काही जणांचा श्वास अजून अडतो, म्हणून हा क्रम. फरक ओळखायचा तो परत त्याच टेस्टने, ॲप्नियाचं दुखणं कानशील दाबून उमटत नाही, अर्थात दोन्ही एकत्र असूच शकतात.

औषधांचंही बघा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या डिप्रेशन-चिंतेवरच्या गोळ्या चालू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत दात आवळणं सुरू झालेले पेशंट असतात. तारखा जुळत असतील तर ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलून पुष्कळदा सुटतं, स्वतःहून अजिबात बंद करू नका. संध्याकाळी पाचनंतरचा चहा-कॉफी, रात्रीची दारू, तंबाखू-सिगरेट, हे तिन्ही झोपेतलं दात घासणं वाढवतात.

आणि हे तुमच्या वयाला लागू नाही पण घरात पन्नाशीच्या पुढचं कोणी असेल तर सांगून ठेवतो: पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू दुखते, दोन घास चावले की जबडा थकून दुखतो आणि थांबलं की बरा होतो, किंवा डोळ्यासमोर क्षणभर अंधार, तर ते जबड्याचं समजू नका, रक्तवाहिनीची सूज असू शकते, त्यात नजर कायमची जाऊ शकते, त्याच दिवशी फिजिशियनकडे जाऊन रक्ताच्या ईएसआर आणि सीआरपी या टेस्ट. तसंच जिना चढताना दुखणारा आणि बसलं की थांबणारा जबडा हृदयाचा असू शकतो, तो माझ्याकडे आणूच नका.

बोटॉक्सचं विचारणारे पण खूप असतात. स्नायू कमजोर करून दुखणं कमी होतं काहींचं, तीन-चार महिने टिकतं, मग परत, आणि जबड्यासाठी ते मी शेवटच्या फळीत ठेवतो, बाकी सगळं नीट करून सुद्धा दुखणं राहिलं तरच. सुंदर, बारीक चेहरा दिसेल म्हणून मॅसेटरमध्ये घेणं हा वेगळाच धंदा आहे, त्यावर इथे बोलत नाही.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा लावेन. या शनिवार-रविवारी वजनकाट्याची टेस्ट आणि नवऱ्याला घोरण्याचं विचारणं. सोमवारपासून दोन आठवडे अलार्म, टिकल्या, गरम टॉवेल, आणि एका वहीत रोज तीन गोष्टी: सकाळी दुखणं शून्य ते दहात किती, किती वाजता गेलं, आणि गोळी घेतली का. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन डेंटिस्टकडे जा आणि गार्ड करायच्या आधी त्यांना दोनच गोष्टी विचारा, कडक ॲक्रिलिकचा पूर्ण दातांचा करणार का, आणि बसवल्यावर ॲडजस्टमेंटच्या दोन-तीन व्हिजिट त्याच पैशात धरल्यात का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर दुसरीकडे करून घ्या.